वारसांची यादी कोण लिहितं?

फेलोशिपच्या अर्जात बाकीचे रकाने सोपे होते. शिक्षण, पत्ता, कामाची गावं, आजवरचा अनुभव. अडले ते शेवटच्या रकान्यापाशी: तुमच्या कामातून पुढे आलेला एक प्रश्न पाचशे शब्दांत मांडा.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी आणि राळेगाव या दोन तालुक्यांत बरीच वर्षं काम करते आहे. बचत गटांपासून सुरुवात झाली. मग रोजगार हमीची कामं, नमुना 4 भरून काम मागणं आणि मजुरीसाठी पाठपुरावा करणं. मग संजय गांधी निराधार योजनेची प्रकरणं. 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात पडली, त्याच हंगामात बोंडअळीनं कापूस खाल्ला, तेव्हा ते वर्ष पंचनाम्यांच्या मागे गेलं. गावात ज्या वेळी जे पेटलेलं असतं त्यात हात घालावाच लागतो. पण त्यामुळे सारांश लिहायला बसल्यावर पहिल्या खर्ड्यात सगळंच आलं: शेती, पाणी, कर्ज, दारू, मुलींचं शिक्षण, बायकांचं आरोग्य. वाचणाऱ्याला माझ्या कामाची यादी कळली असती, पण एका वर्षात मी नेमकं काय बदलणार ते कळलं नसतं.

म्हणून मी जुन्या वह्या काढल्या आणि विषयांऐवजी माणसं शोधायला लागले. एकच बाई किती वेगवेगळ्या कामांसाठी माझ्याकडे आली, हे बघायचं होतं. तिथे एक गोष्ट दिसली. निराधार योजनेच्या वहीत जिचं नाव होतं, तीच पुढे पीककर्जासाठी आली होती. तीच पीकविम्यासाठी, तीच मुलाच्या शिष्यवृत्तीला लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, आणि पुढच्या एका वर्षी तीच दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते म्हणून रोजगार हमीच्या यादीत. या बायकांमध्ये एक सारखेपणा होता. शेत कसणारा नवरा गेलेला होता आणि ती ज्या वावरात पूर्वीपासून राबत होती त्या वावराच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं.

सातबाऱ्यावर नाव नसलं की काय काय अडतं हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही, पण क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. सोसायटी किंवा बँक पीककर्ज देताना सातबारा आणि आठ अ मागते. 2021 पासून पीक पाहणी मोबाइलवर आली. त्यातली पिकाची नोंदही खातेदाराच्या नावावरच होते. अतिवृष्टीची मदत खातेदाराच्या बँक खात्यात जाते. पीएम किसानचे वर्षाचे 6000 रुपये जमीन नावावर असलेल्याला. त्या योजनेत 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर झालेल्यांना लाभ नाही, पण वारसानं आलेली जमीन याला अपवाद आहे. हा अपवाद खास अशा बाईच्या कामाचा, पण तो मिळवायलाही आधी वारसाची नोंद लागते. म्हणजे एका न झालेल्या नोंदीमागे चार-पाच हक्क थांबलेले असतात, आणि मी वर्षानुवर्षं त्यातला एकेक हक्क वेगळा धरून त्याच्यासाठी तहसीलच्या चकरा मारत होते.

इथपर्यंत आले तरी प्रश्न मोठाच होता. ‘महिलांचा जमिनीवरचा हक्क’ असं लिहिलं असतं तर ते खरं ठरलं असतं, पण त्यात शंभर गोष्टी मावतात. आपल्याकडे त्यावर काम झालेलंही आहे. 1990 च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा म्हणून गावागावांत सभा झाल्या. पुढे शासनानंही पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये मिळाला. नवरा हयात असताना काय करता येतं, मुलीला काय मिळतं, यावर बोलणारी माणसं आहेत. माझ्या वह्यांतल्या बाईचा प्रश्न नवरा गेल्यावर सुरू होत होता, आणि तो कायद्यात नावाला जागा नाही म्हणून येत नव्हता. हिंदू वारसा कायदा 1956 सालापासून विधवेला पहिल्या वर्गाची वारस मानतो. मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखा एकेक वाटा. सासरा हयात असताना मुलगा गेला आणि मागाहून सासराही गेला, तर त्या मुलाची विधवा सासऱ्याचीसुद्धा वारस असते. ‘सून वारस कशी होईल?’ असं मला अनेकदा ऐकवलं गेलं आहे, शिकल्यासवरलेल्या माणसांकडूनही. कायद्यात तिचं नाव स्पष्ट आहे. वारसा मिळाल्यावर तिनं दुसरं लग्न केलं तरी मिळालेला वाटा परत जात नाही.

मग नाव लागत का नाही? याचं उत्तर मला एका प्रकरणानं दिलं. त्या बाईचं आणि गावाचं नाव मी इथे घेत नाही, आणि घरच्यांची ओळख पटेल असंही काही लिहीत नाही.

बारा एकर जमीन, म्हणजे 4 हेक्टर 80 आर. सासऱ्यानं स्वतःच्या कमाईतून घेतलेली. तीन मुलगे, एक मुलगी, तिचं लग्न झालेलं. सासरा गेला तेव्हा वारस नोंद कुणी केलीच नाही; सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव तसंच राहिलं. तिघा भावांनी तोंडी वाटणी करून प्रत्येकी चार एकर कसायला घेतले. भांडण नव्हतं, म्हणून कागदही नव्हता. मग मधला भाऊ आजारानं गेला. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी, दोघंही अज्ञान.

इथे एक थांबून सांगायला हवं. शेतकऱ्याची आत्महत्या झाली तर पंचनामा होतो, तहसीलदार येतात, पात्र-अपात्र ठरवणारी समिती बसते. एक लाखाची मदत पात्र ठरली तर तिच्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत, असा त्याचा नियम आहे. ती मदत पुरेशी नाही आणि मिळवणंही सोपं नाही, पण निदान त्या घरावर यंत्रणेची नजर पडते. कावीळ, किडनी, हृदयविकार यानं गेलेल्या शेतकऱ्याच्या घरी कुणीच येत नाही. त्याची विधवा कुठल्याही यादीत नसते. माझ्या वह्यांतल्या बहुतेक बायका अशाच घरातल्या होत्या.

तेरवी झाली. मोठ्या भासऱ्यांनी मग तलाठ्याकडे अर्ज दिला. सोसायटीचं कर्ज घ्यायचं होतं, आणि मेलेल्या माणसाच्या नावावर ते मिळत नव्हतं. म्हणून सासऱ्याच्या आणि मधल्या भावाच्या, दोघांच्याही वारसांची नोंद एकाच वेळी करायला टाकली. (हल्ली तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात तलाठीच म्हणतात, मीही तेच लिहिते.) अर्जासोबत मृत्यूचे दाखले, एक शपथपत्र आणि वारसांची यादी. यादीत होते: आई, मोठा भाऊ, धाकटा भाऊ आणि मधल्या भावाचा मुलगा. मुलाच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून मोठ्या काकाचं नाव. मुलाची आई नाही, त्याची बहीण नाही, आणि लग्न झालेली आत्याही नाही.

मी भासऱ्यांना भेटले तेव्हा ते मोकळेपणानं बोलले. "पोराचं नाव लावलं ना जी ताई. मंग तिचं वेगळं कायले पायजे? पोरगं तिचंच हाय." त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. जमीन घरात राहावी, पोराला मिळावी, हा त्यांचा हिशेब होता आणि त्यांच्या दृष्टीनं त्यांनी पुतण्याचं भलंच केलं होतं. पण वडिलांनंतर अज्ञान मुलाची नैसर्गिक पालक आई असते, काका नाही. आणि त्या नोंदीनं आईला स्वतःच्या वाट्यातून आणि मुलाच्या वाट्यावरच्या देखरेखीतूनही एकाच कागदानं बाहेर काढलं होतं.

आता तो कागद पुढे कसा जातो ते बघा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 149 प्रमाणे जमिनीत हक्क मिळालेल्यानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. तलाठी वारसाची नोंद गाव नमुना 6 क मध्ये घेतो, चौकशी करतो आणि मग फेरफार धरतो. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि संबंधितांना पाठवली जाते. हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. प्रमाणित झालेल्या नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करायला साठ दिवस. त्यानंतर उशीर का झाला त्याचं कारण पटवून माफी मागावी लागते.

कागदावर ही रीत चांगली आहे. हिच्यात सूचना आहे, हरकत आहे, सुनावणी आहे, अपील आहे. पण सगळी रीत उभी आहे ती पहिल्या यादीवर. नोटीस यादीतल्या माणसांना जाते. जिचं नाव यादीत नाही तिला नोटीसही जात नाही, आणि नोटीस गेली नाही म्हणून हरकत येत नाही, आणि हरकत आली नाही म्हणून नोंद बिनविरोध प्रमाणित होते. स्थानिक चौकशी पोलीस पाटलापाशी किंवा गावातल्या चार पुरुषांपाशी होते. ते कुणी खोटं बोलत नाहीत. त्यांना विचारलं जातं ‘मुलं किती?’ आणि ते मुलगे मोजतात.

ही सगळी मुदत जेव्हा धावत असते तेव्हा ती बाई कुठे असते? पहिले महिने ती घराबाहेर पडत नाही. मग बरेचदा माहेरी नेतात. परत येते तेव्हा पेरणी असते किंवा वेचणी. पंधरा दिवसांची नोटीस, साठ दिवसांचं अपील, हे सगळं तिच्या शोकाच्या काळात सुरू होऊन संपलेलं असतं. माझ्याकडे ती येते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, बँकेनं परत पाठवल्यावर. तोपर्यंत नोंद जुनी झालेली, कधी त्यावर कर्ज चढलेलं, कधी एक तुकडा विकलेला.

या प्रकरणात वेळ हाती लागली ती योगायोगानं. मी दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी ‘आपली चावडी’ बघत होते. महाभूमीच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावात कोणते फेरफार धरलेत, कोणत्या गटाचे, कशाचे, हरकतीची शेवटची तारीख कोणती, हे दिसतं. त्यात ओळखीचा गट क्रमांक दिसला. सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यातही खाली प्रलंबित फेरफार आहे की नाही ते छापलेलं असतं. पण ते बघायला हवं हे कुणाला ठाऊक असतं?

लेखी हरकत दिली. ती आली की नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत, नमुना 6 अ मध्ये जाते आणि मंडळ अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. तिथे पहिला प्रश्न आला लग्नाच्या पुराव्याचा. लग्न गावात लागलेलं, नोंदणी नाही. शिधापत्रिकेवर तिचं नाव सासऱ्याच्या कुटुंबात होतं, आधारवर पतीचं नाव होतं, पण सगळ्यांत उपयोगी पडले मुलांचे जन्मदाखले, कारण त्यांत आई आणि वडील दोघांचीही नावं होती. पोलीस पाटलांनी जबाब दिला. या वेळी त्यांना प्रश्न नीट विचारला गेला होता, आणि त्यांनी सगळी नावं घेतली. सुनावणीची तारीख पुढे पुढे जात राहिली. मधल्या हंगामात तिनं सोयाबीन पेरलं, पण विकलं भासऱ्यांच्या नावावर. विम्याचा अर्ज तिला करताच आला नाही. शेवटी जुनी नोंद नामंजूर झाली आणि नवी धरली गेली, सगळ्या वारसांसह.

या नव्या नोंदीनं मला जे शिकवलं ते माझ्या सारांशाच्या गाभ्याशी आहे, म्हणून जरा हिशेब मांडते. सासऱ्याचे वारस पाच: त्याची विधवा, तीन मुलगे, एक मुलगी. 4 हेक्टर 80 आरचे पाच वाटे केले की एकेक वाटा 96 आरचा, दोन एकर सोळा गुंठे. मधला मुलगा सासऱ्यानंतर गेला, म्हणजे त्याला 96 आर मिळालेले होते. ते त्याच्या वारसांत जाणार. त्याचे वारस चार: बायको, मुलगा, मुलगी आणि आई. प्रत्येकी 24 आर. म्हणजे ती आणि तिची दोन मुलं मिळून 72 आर. एक एकर बत्तीस गुंठे.

आणि नवरा असताना ती चार एकर कसत होती.

हा फरक कुठून आला? भावांच्या तोंडी वाटणीत आई आणि बहीण धरलेलीच नव्हती. तीन भाऊ, बारा एकर, चार-चार एकर. म्हणजे विधवेला आपला म्हणून जो चार एकरांचा तुकडा वाटत होता, त्यात सासूचा आणि नणंदेचा न दिलेला वाटा मिसळलेला होता. यादीत सगळी नावं आली की त्या दोघीही उभ्या राहतात. कायदा आपल्या बाजूनं आहे असं नुसतं सांगून तिला हरकतीसाठी उभं करणं मला योग्य वाटत नाही. हा हिशेब तिच्यापुढे पहिल्याच दिवशी मांडावा लागतो, कागदावर चौकोन आखून, आर आणि गुंठ्यांसह. तो ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कमी भेटलं तरी चालते ताई. पण माह्या नावानं भेटन ना?"

मृत्यूंचा क्रम उलटा असता तर आकडा बदलला असता, हेही सांगते, कारण गावपातळीवर इथे फार गोंधळ होतो. मुलगा आधी आणि सासरा नंतर गेला असता, तर मुलाच्या शाखेचा 96 आरचा पूर्ण वाटा त्याच्या बायको-मुलांत गेला असता. सासूला त्यातून वेगळा वाटा नाही. म्हणून वंशावळ लिहिताना नावांसोबत मृत्यूच्या तारखा लिहिणं आवश्यक असतं. वडिलोपार्जित मिळकत असेल तर हिशेब आणखी वेगळा. सासरा हयात असेल आणि जमीन त्यानं स्वतः घेतलेली असेल, तर सुनेला आज मागण्यासारखा वाटाच नसतो. त्याच्या मृत्युपत्रावर सगळं अवलंबून.

आता सारांशाकडे येते. एवढं सगळं लिहून काढल्यावर मी प्रश्न असा मांडला:

‘शेतकरी पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याच्या जमिनीसाठी वारसांची जी यादी महसूल दप्तरात जाते, ती घरातला वडीलधारा पुरुष लिहितो. त्या वेळी विधवा शोकात किंवा माहेरी असते. यादीत तिचं नाव गाळलं जातं, किंवा लागलं तर भोगवटादाराच्या रकान्याऐवजी इतर अधिकारात लागतं, किंवा अज्ञान मुलांचा पालनकर्ता म्हणून दुसऱ्याचं नाव येतं. यादीबाहेर राहिल्यामुळे तिला नोटीस मिळत नाही आणि हरकतीची, अपिलाची मुदत तिच्या नकळत संपते. मी या यादीवर आणि मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांवर काम करणार आहे.’

यात ‘इतर अधिकार’ हा एक मुद्दा आहे, तो उलगडून सांगते. जुन्या सातबाऱ्यांवर सर्रास दिसतं की मुलगे भोगवटादाराच्या रकान्यात आणि आई, बहिणी, विधवा इतर अधिकाराच्या रकान्यात. बाईला सांगितलं जातं, तुझं नाव सातबाऱ्यावर आहे. ती बघते, खरंच असतं. पण कर्ज, पीकविमा, मदत यांच्या दारात ते नाव चालत नाही. म्हणून नाव लागलं की नाही एवढं विचारून भागत नाही. कोणत्या रकान्यात लागलं, हे बघावं लागतं.

पद्धत साधी ठेवली आहे. एका तालुक्यातली निवडक गावं. दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतून कर्त्या पुरुषांचे मृत्यू काढायचे आणि त्या घराच्या जमिनीचं आठ अ कुणाच्या नावावर आहे ते बघायचं. तेरवीनंतर घरी जायचं. अर्ज लगेच टाकायचा नाही. आधी सगळ्यांना बसवून वंशावळ लिहायची, मृत्यूंच्या तारखांसह, विधवा समोर असताना आणि नणंदेला फोन लावून. मग पूर्ण यादीचा अर्ज. फेरफार धरला की त्याची प्रत, हरकतीची तारीख आणि नंतर बदललेला सातबारा तपासायचा. वर्षअखेर तीन गोष्टी मोजायच्या: मृत्यूपासून नोंद प्रमाणित होईपर्यंत गेलेला काळ, विधवेचं नाव कोणत्या रकान्यात लागलं, आणि त्या वर्षात तिच्याकडून हक्कसोडपत्र घेतलं गेलं का.

हक्कसोडपत्राचा प्रश्न मुद्दाम ठेवला. नाव लागल्यावर ते काढून घेण्याचा तो सोपा रस्ता आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र असलं की वाटा गेला. नुसत्या साध्या कागदावर किंवा नोटरीपुढे लिहिलेल्या हक्कसोडीनं जात नाही, हे बायकांना माहीत नसतं आणि उलटही माहीत नसतं. अज्ञान मुलाचा वाटा तर आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. नाव लागल्याच्या पहिल्या वर्षात सही मागायला कुणीतरी येतंच, बहुतेकदा ‘कर्जासाठी सही पाहिजे’ असं सांगून. कागद वाचून मग सही करायची, एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ वाटे वाचतील.

निवड समितीसमोर मला विचारलं गेलं की 2025 मध्ये शासनानं जिवंत सातबारा मोहीम घेतली, मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, मग तुमचं काम उरलं काय? प्रश्न रास्त होता. बुलढाण्यात सुरू होऊन ती मोहीम राज्यभर गेली, आणि मेलेल्या माणसांच्या नावावर अडकलेली जमीन मोकळी करायला तिची गरज होतीच. पण मोहिमेतही तलाठ्यापुढे येतं ते शपथपत्र आणि वारसांची यादीच. गतीनं काम झालं की चांगली यादी लवकर प्रमाणित होते आणि अपुरी यादीही तितक्याच लवकर. म्हणून मोहीम जिथे जोरात चालते तिथे यादीवर लक्ष ठेवणं अधिक निकडीचं होतं, असं मी सांगितलं.

या प्रश्नाबाहेर मी काय ठेवलं तेही सारांशात लिहिलं आहे. माझ्या भागात कोलाम, गोंड, आंध यांची गावं आहेत. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू नाही. तिथे रूढी चालते, आणि ती गावागणिक, जमातीगणिक वेगळी. त्यांच्या बायकांचा प्रश्न तितकाच खरा आहे, पण त्याला वेगळा अभ्यास लागेल, वरचा हिशेब तिथे चिकटवता येणार नाही. ज्यांचा सासरा हयात आहे त्या सुना बाहेर राहिल्या. भूमिहीन विधवा बाहेर राहिल्या, आणि त्या माझ्या गावांत पुष्कळ आहेत. हे लिहिताना जड गेलं. ज्या बाईसोबत मी निराधार योजनेसाठी वर्षभर फिरले, ती माझ्या प्रश्नात बसत नाही. तिचं काम मी करतच राहीन. फेलोशिपचं वर्ष मात्र एका कागदाचं.

आणखी एक मर्यादा. फेरफारानं मालकी निर्माण होत नाही. सातबाऱ्यावरची नोंद खरी मानली जाते ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, आणि हक्काचा वाद शेवटी दिवाणी न्यायालयातच सुटतो. नाव लागलं म्हणजे बांध पडला असंही नाही. वाटप करून घ्यायला कलम 85 खाली तहसीलदाराकडे जावं लागतं, आणि तिथेही हक्काबद्दल वाद निघाला की परत कोर्ट. माझ्या कामानं बाई या लांब रस्त्याच्या सुरुवातीला पोचते. पण सुरुवातीलाच नाव गळालं तर पुढचं काहीच नाही.

त्या घरात आज सातबाऱ्यावर सात नावं आहेत, सातही भोगवटादाराच्या रकान्यात. दोन मुलांच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून त्यांची आई. जमीन अजून सामाईक आहे, वाटप झालेलं नाही. तिनं त्या 72 आरपुरता पीकविमा यंदा स्वतःच्या नावानं भरला. भासरे बोलतात, पण बेतानं. नणंदेनं हक्कसोडपत्र दिलेलं नाही. भावांनी मला सुचवलं की ताई, तुमचं ऐकते ती, तुम्ही सांगा तिला. मी सांगितलं नाही. नणंद स्वतःच एकदा भेटली तेव्हा म्हणाली, "भावाले सोडलं असतं मी. वहिनीले सोडू का नाही, ते मले कोणी इचारलंच नाही अजून." तिला विचारायचं काम तिच्या वहिनीचं आहे, आणि दिवाळीला त्या दोघी भेटणार आहेत.